मदतीचं माप

दोन मुलं आहेत. दोघांची बुद्धिमापन चाचणी घेतली, तर दोघांचंही बौद्धिक वय आठ वर्षं निघालं. आठ वर्षांच्या मुलासाठी ठरवलेली गणितं दोघं आपापली सोडवतात आणि त्यापुढे दोघंही अडतात. चाचणी घेणारे सहसा इथेच वही मिटतात. लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने ती मिटली नाही. पुढची गणितं देताना त्याने थोडी मदत करायची असं ठरवलं: एखादा सूचक प्रश्न विचारायचा, सोडवायला सुरुवात करून द्यायची किंवा एकदा करून दाखवायचं. त्याच्या उदाहरणात अशा मदतीने एक मूल बारा वर्षांच्या पातळीपर्यंत जातं, तर दुसरं नऊवरच थांबतं. मग ही दोन मुलं सारखी कशी? एकटं करता येतं ते आणि मदतीने करता येतं ते यांमधल्या अंतराला तो निकट विकासक्षेत्र म्हणतो. पहिल्या मुलाचं हे क्षेत्र चार वर्षांचं आहे आणि दुसऱ्याचं एका वर्षाचं.

वायगॉट्स्कीने हे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं आणि १९३४ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. पुढे सोव्हिएत संघातच त्याचं लेखन बराच काळ दडपलं गेलं. त्याच्या मुख्य ग्रंथाचं संक्षिप्त इंग्रजी भाषांतर १९६२मध्ये आलं. निकट विकासक्षेत्राची आज सगळीकडे उद्धृत होणारी व्याख्या ज्या संकलनात आहे, ते १९७८चं. आपल्याकडे २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द शाळाशाळांत पोचला आणि त्याच्याबरोबर वायगॉट्स्कीही बी.एड.च्या नोट्सपर्यंत आला. एम.एड. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांत तर तो आता घरचाच झाला आहे.

अशा प्रबंधात एक प्रकरण असतं, ‘सैद्धांतिक चौकट’. विषय साधारण असा असतो: विज्ञानाच्या तासांत शिक्षक विद्यार्थ्यांना जो तात्पुरता आधार देतात त्याचा अभ्यास. या आधाराला स्कॅफोल्डिंग म्हणतात. इमारत बांधताना परांची बांधतात आणि काम पुरं झालं की सोडतात, त्यावरून हे नाव आलं. या प्रकरणात पिआजे, ब्रूनर, आसुबेल आणि वायगॉट्स्की यांना प्रत्येकी दोन पानं मिळतात. प्रत्येकाचा जन्म, ग्रंथ, व्याख्या. शेवटी ‘प्रस्तुत अभ्यास वरील सिद्धांतांवर आधारित आहे’ असं एक वाक्य. पुढच्या प्रकरणात प्रश्नावली सुरू होते आणि या मंडळींचं नाव पुन्हा निघत नाही. हे प्रकरण फाडून काढलं तरी प्रबंधातला एकही आकडा हलत नाही. चौकट हे नाव त्याला कशासाठी द्यायचं, हे मला कळलेलं नाही.

सैद्धांतिक चौकट काही ठरवते तेव्हाच ती चौकट असते. वर्गातल्या शंभर बोलण्यांपैकी कोणतं आधार म्हणून मोजायचं आणि कोणतं नाही, ते मोजायचं एकक कोणतं, आणि काय दिसलं तर आपलं म्हणणं चुकलं असं मानायचं, हे तिने सांगायला हवं. निकट विकासक्षेत्रावर उभं राहणारं प्रकरण नीट लिहायला घेतलं की पहिली अडचण येते ती वंशावळीची. निकट विकासक्षेत्र आणि स्कॅफोल्डिंग या जोडीला आपण एकाच घरातली समजतो. त्या तशा नाहीत.

स्कॅफोल्डिंगची कल्पना ज्या लेखाने रूढ केली, तो डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६मध्ये लिहिला. तीन, चार आणि पाच वर्षांच्या एकूण तीस मुलांना लाकडाचे एकवीस ठोकळे दिले होते. खाचा आणि खुंट्या जुळवत गेलं की त्यांचा मनोरा होई: चार-चार ठोकळ्यांचे पाच थर आणि वर एक. एका मुलामागे एक शिकवणारी. तिला शक्यतो मुलालाच करू द्यायचं होतं आणि ते अडेल तिथेच हात द्यायचा होता. तीन वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तिचा बराचसा वेळ त्यांना कामाकडे ओढून आणण्यात गेला, चार वर्षांच्या मुलांना ती चूक दाखवून पुढे ढकलत राहिली, आणि पाच वर्षांची मुलं तिच्याकडे फक्त ‘बरोबर आहे ना?’ एवढ्यासाठी बघत होती. शिकवणारी नेमकं काय काय करते याची सहा कामं लेखकांनी वेगळी काढली: लक्ष वेधणं, काम सोपं करून पर्याय कमी करणं, ध्येयापासून ढळू न देणं, महत्त्वाच्या गोष्टीवर बोट ठेवणं, वैताग आवरणं आणि करून दाखवणं. या लेखात वायगॉट्स्कीचा आधार कुठेही घेतलेला नाही. ही जोडणी नंतरच्या अभ्यासकांनी केली.

म्हणून प्रकरण लिहिणाऱ्याने हा सांधा उघडपणे दाखवायला हवा. एका बाजूला विकासाविषयीचा सिद्धांत आहे आणि दुसऱ्या बाजूला शिकवणाऱ्याच्या हालचालींचं वर्णन. पहिला सांगतो की मदत का लागू पडते, पण तासाला नेमकं काय करायचं याबाबत तो जवळजवळ गप्पच आहे. दुसऱ्यात काय करायचं ते आहे, पण केलेली मदत मुलाच्या आत कशी जाते हे नाही. दोघांना जोडणारा दुवा वुड आणि डेव्हिड मिडल्टन यांच्या १९७५च्या अभ्यासात सापडतो. त्यांनी हाच मनोरा चार वर्षांच्या मुलांना त्यांच्या आयांकडून शिकवून घेतला आणि आईच्या मदतीच्या पाच पायऱ्या ठरवल्या. सगळ्यांत हलकी म्हणजे नुसतं ‘कर की आता’ म्हणणं. मग नेमकी तोंडी सूचना, मग ठोकळा दाखवून देणं, मग तो जागेवर फिरवून ठेवणं, आणि शेवटी स्वतः बसवून दाखवणं. नियम सोपा आहे. मूल चुकलं तर पुढच्या वेळी एक पायरी जास्त मदत, जमलं तर एक पायरी कमी. ज्या आया नकळत या नियमाच्या जवळ राहिल्या, त्यांच्या मुलांनी नंतर एकट्याने मनोरा जास्त चांगला बांधला.

या नियमाने संशोधकाच्या हातात एक मापपट्टी येते. कोणती मदत चांगली, हा प्रश्नच मागे पडतो. एकच सूचना एका क्षणी आधार असते आणि दुसऱ्या क्षणी नसते; मुलाने आत्ता काय केलं यावर ते ठरतं. तेव्हा शिक्षकाचं एकटं वाक्य हे मोजण्याचं एकक होऊच शकत नाही. एककात तीन गोष्टी हव्यात: विद्यार्थ्याचं बोलणं किंवा कृती, त्यावर शिक्षकाची चाल, आणि त्यानंतर विद्यार्थ्याने काय केलं. शिक्षकांनी भरलेल्या ‘मी सूचक प्रश्न विचारतो: नेहमी, कधीकधी, कधीच नाही’ अशा प्रश्नावलीतून ही त्रिकुटं मिळत नाहीत. चौकट नीट लिहिली तर अर्धी साधनं तिथेच बाद होतात. मला वाटतं, पुष्कळ प्रबंधांत ती नीट लिहिली जात नाही याचं हेही एक कारण असावं.

आता विज्ञानाकडे येऊ. ठोकळ्यांचा मनोरा समोर दिसतो, चुकीचा ठोकळा बसतच नाही. विद्युतप्रवाह दिसत नाही. आणि मुलांच्या डोक्यात त्याविषयी आधीपासून एक पक्कं चित्र असतं: सेलमधून वीज निघते, बल्ब त्यातली काही खातो, उरलेली पुढे जाते. हे चित्र जगभरच्या मुलांमध्ये आढळल्याची नोंद विज्ञानशिक्षणाच्या संशोधकांनी केली आहे, आणि त्यामागे आळस किंवा बावळटपणा नाही. घरात महिन्याला लाईट बिल येतं, त्यावर किती युनिट वापरली ते छापलेलं असतं, मोठी माणसं पंखा बंद करायला सांगतात. काहीतरी खर्च होतं हे मुलाने रोज पाहिलेलं आहे. आणि खर्च होतेच, ती ऊर्जा. प्रवाह मात्र बल्बच्या आधी जेवढा असतो तेवढाच नंतरही असतो. प्रवाह आणि ऊर्जा यांचा मुलाच्या अनुभवात एकच गोळा झालेला असतो, आणि तो सोडवायला अनुभव पुरत नाही.

वायगॉट्स्की इथे खरा उपयोगी पडतो, आणि नेमका हाच भाग प्रबंधांतून गळतो. त्याच्या त्याच ग्रंथात रोजच्या व्यवहारातून आलेल्या संकल्पना आणि शाळेत शिकवलेल्या संकल्पना यांवर एक मोठं प्रकरण आहे. शिफ नावाच्या त्याच्या सहकारी संशोधिकेने मुलांना अर्धवट वाक्यं पुरी करायला दिली होती. काही ‘कारण’पाशी तुटलेली, काही ‘तरी’च्या अर्थाच्या शब्दापाशी. काही वाक्यं रोजच्या गोष्टींवरची, म्हणजे सायकलवरून पडण्यासारखी, आणि काही शाळेतल्या धड्यांवरची. दुसरीच्या मुलांनी ‘कारण’ची शालेय वाक्यं सुमारे ८० टक्के वेळा बरोबर पुरी केली, रोजची फक्त ५९ टक्के. सायकलवरून पडणं मुलाला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण तो अनुभव कधी शब्दांत मांडून, मुद्दाम तपासून पाहिलेला नसतो. शालेय संकल्पना शिक्षकाबरोबर बोलत, कारणं देत शिकलेली असते. वायगॉट्स्कीचं म्हणणं असं की परीक्षेच्या वेळी शिक्षक शेजारी नसला, तरी त्याची मदत त्या उत्तरात काम करत असते.

गंमत म्हणजे शिफचे शालेय विषय भौतिकशास्त्रातले नव्हतेच. ते समाजशास्त्राचे होते. वायगॉट्स्कीच्या लेखी ‘वैज्ञानिक संकल्पना’ म्हणजे एका व्यवस्थेत बसलेली, व्याख्येतून शिकवलेली कोणतीही संकल्पना. विज्ञानाच्या तासांवर प्रबंध लिहिणाऱ्याने हे आकडे जसेच्या तसे विद्युतमंडलावर चिकटवू नयेत. त्यांतून घ्यायचं ते एवढंच की शाळेतली संकल्पना वरून खाली येते, अनुभवाची खालून वर जाते, आणि आधाराची जागा त्या दोघींच्या मध्ये आहे. बल्बच्या धड्यात ही जागा अगदी नेमकी सांगता येते: ‘काहीतरी खर्च होतं’ हे मुलाचं म्हणणं न मोडता, खर्च होणारं आणि न होणारं वेगळं करायला लावणं.

यापुढे चौकटीतला सगळ्यांत निसरडा खड्डा येतो. शिक्षिकेने मदत केली, मुलाला जमलं. संशोधक लिहितो, मदत निकट विकासक्षेत्रात होती. मुलाला जमलं नाही. संशोधक लिहितो, मदत क्षेत्राच्या बाहेर होती. दोन्ही वेळा सिद्धांत बरोबर. ज्याला चुकताच येत नाही तो सिद्धांत काही सांगतही नसतो. यातून सुटायचं तर मुलाचं क्षेत्र तासाच्या आधी, तासापासून अलग मोजायला हवं. अमेरिकेत अॅन ब्राउन आणि जोसेफ कॅम्पिओन यांनी यासाठी क्रमाने वाढत जाणाऱ्या सूचनांची पद्धत वापरली. सूचना आधीच लिहून ठेवायच्या, सगळ्यांना त्याच क्रमाने द्यायच्या आणि किती लागल्या ते मोजायचं.

बल्बच्या प्रयोगावर ही पद्धत बसवून पाहू. सातवीचा वर्ग धरा. दीड व्होल्टचा एक सेल, टॉर्चचे दोन सारखे बल्ब, एकापुढे एक जोडलेले. दोन्ही मंद पेटतील आणि सारखेच पेटतील. जोडणी पुरी करण्याआधी प्रश्न: कोणता जास्त उजळ पेटेल, आणि का? समजा दोन मुलींनी एकट्याने एकच उत्तर दिलं: पहिला, कारण वीज आधी त्याच्याकडे येते. लेखी चाचणीत दोघींना शून्य. आता जोडणी पुरी करून सूचना सुरू. पहिली सूचना नुसती, ‘पुन्हा नीट बघ, तू म्हणालीस तसं झालं का?’ दुसरी, ‘सेल उलटा लावला तर काय होईल ते आधी सांग, मग करून बघ.’ तिसरीत अॅमीटर येतो. तो एकदा सेल आणि बल्ब यांच्यामध्ये आणि एकदा दोन बल्बांच्या मध्ये जोडायचा, आणि मुलीने फक्त दोन आकडे शेजारी लिहायचे. चौथीत वाक्य अर्धं करून द्यायचं: ‘दोन्हीकडे प्रवाह सारखाच निघाला, म्हणजे बल्बमध्ये जे खर्च झालं ते…’ पाचवीत शिक्षिका स्वतः पूर्ण समजावून सांगते.

एक मुलगी दुसऱ्या सूचनेला थबकते. सेल उलटा केला म्हणजे आता दुसरा बल्ब पहिला झाला, तरी काही फरक पडला नाही. मग आधी-नंतरचं काही खरं नाही, असं ती आपणहून म्हणते. दुसरीला चौथ्या सूचनेपर्यंत जावं लागतं. दोघींचे गुण सारखेच, शून्य. क्षेत्रं वेगळी. वायगॉट्स्कीच्या आठ, बारा आणि नऊचा हाच हिशेब आहे, फक्त वयाच्या जागी सूचना आल्या. आणि आता संशोधकाला तासाच्या आधी भाकीत लिहिता येतं: वर्गात पहिल्या मुलीला तिसऱ्या पायरीची मदत मिळाली तर ती वाया जाईल, आणि दुसरीला दुसऱ्या पायरीवरच सोडून दिलं तर नंतर तिला एकटीला जमणार नाही. तासाच्या नोंदी उलट निघाल्या, तर चौकटीतलं काहीतरी चुकलं असं म्हणता येईल.

इथे साहित्याची एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण सिद्धांताची चर्चा करणारे तिकडे बघत नाहीत. बाजारातले दोन टॉर्च-बल्ब क्वचितच तंतोतंत सारखे असतात. एक जरा जास्त उजळ पेटला आणि तो नेमका ‘पहिला’ असला, तर मुलाच्या चुकीच्या कल्पनेला प्रयोगानेच दुजोरा दिला. म्हणून जोड्या आधी तपासून ठेवायच्या. तेवढं करूनही फरक राहिला, तर सेल उलटवल्यावरही तोच बल्ब उजळ राहतो, आणि ते मुलांकडून मुद्दाम बघून घ्यायचं. अॅमीटरचंही तसंच. सेल वापरता वापरता उतरत जातो, त्यामुळे दुसरं वाचन पहिल्यापेक्षा किंचित कमी येऊ शकतं. काट्याच्या अॅमीटरवर हा फरक दिसत नाही. डिजिटल मीटरवर शेवटचा अंक बदलतो आणि मूल लगेच म्हणतं, ‘बघा, कमी झाली की!’ आधी दोन बल्बांच्या मधलं वाचन घेऊन मग सेलजवळचं घेतलं, की हा डाव उलटतो. अशा वेळी शिक्षिकेची चाल चुकली की मीटरची, हे संशोधकाच्या नोंदीत वेगळं दिसायला हवं. नाहीतर बल्बचा दोष शिकवण्याच्या माथी लागतो.

आता तासाला काय होतं ते पाहू. पुढचा संवाद नमुन्यादाखल मी रचलेला आहे, पण आपल्याकडच्या वर्गात बसलेल्या कुणालाही तो ओळखू येईल.

‘कोणता जास्त पेटेल?’ बाई विचारतात.

‘हा, पहिला.’

‘का रे?’

‘सेलमधून येते ती आधी यातच जाते ना बाई. थोडी हा घेणार. उरली ती त्याला.’

‘बरं. पण पेटले तर दोन्ही सारखेच. आता सेल उलटा कर. करायच्या आधी सांग, काय होईल?’

‘मग तो पहिला होईल. तो जास्त पेटेल.’

मुलगा सेल उलटा करतो. काही बदलत नाही. तो बल्बकडे बघत राहतो.

‘म्हणजे वीज सगळीकडे सारखीच वाहते. हो की नाही?’

‘हो बाई.’

वरवर पाहता हा छान तास आहे. भाकीत विचारलं, कारण विचारलं, प्रयोग करवला, निष्कर्ष निघाला. शिक्षिकेची वाक्यं सुटी सुटी मोजली तर त्यांत चार प्रश्न आहेत आणि एक निष्कर्ष. चौकट असलेला संशोधक याची दोनच त्रिकुटं काढेल. पहिलं: मुलाने चुकीचं कारण दिलं, बाईंनी उत्तर न सांगता दुसऱ्या पायरीची मदत केली, मुलाने आपल्याच कारणावरून नवं भाकीत केलं. हा आधार आहे, आणि चांगला आहे. दुसरं: मुलाचं भाकीत फसलं, बाईंनी एकदम पाचवी पायरी गाठली आणि उत्तरच दिलं, मुलगा ‘हो बाई’ म्हणाला. नियमाप्रमाणे इथे तिसरी पायरी हवी होती. त्याआधी तर काही सेकंद थांबायला हवं होतं, कारण बल्बकडे बघत राहिलेल्या मुलाच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते आता कळायला मार्ग नाही. आणि ‘हो बाई’ ही तिसऱ्या खान्यात भरायची नोंदच नव्हे. ‘हो की नाही’वर मुलाकडून दुसरं कोणतं उत्तर येण्यासारखं होतं?

बाईंना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. वर्गात चाळीस मुलं आहेत, तासाची दहा मिनिटं उरली आहेत, मीटर एकच आहे. पण संशोधकाने ते त्रिकुट ‘यशस्वी आधार’ या रकान्यात टाकलं तर तो दोष संशोधकाचा. वायगॉट्स्कीच्या मांडणीत जे आधी दोन माणसांमध्ये घडतं तेच नंतर एकाच्या आत घडू लागतं. तेव्हा विचाराचं काम त्या दोघांमध्ये कुणी केलं, हे पाहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. दुसऱ्या त्रिकुटात ते सगळं बाईंनी केलं.

आधाराची दुसरी खूण म्हणजे तो हळूहळू काढून घेतला जातो. मदत ओसरणं आणि जबाबदारी मुलाकडे जाणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हे नेदरलँड्सच्या यान्नेके व्हान डे पोल यांनी सहकाऱ्यांसह २०१०मध्ये घेतलेल्या आढाव्यातून स्पष्ट होतं. स्कॅफोल्डिंगची त्यांनी तीन लक्षणं सांगितली: मुलाच्या स्थितीप्रमाणे बदलणं, ओसरणं आणि जबाबदारीचं हस्तांतर. पहिलं नसेल तर उरलेल्या दोघांना अर्थ नाही. पुढच्या तासाला बाई कमी बोलल्या, याचा अर्थ मुलांना जमू लागलं असा होईल, किंवा पुढच्या रांगेतली मुलं उत्तरं देऊ लागली म्हणून बाकीच्यांकडे बघायचं राहिलं, असाही होईल. फरक ओळखायचा तर त्याच मुलाला एकट्याला थोडं बदललेलं काम द्यायचं. दोनाऐवजी तीन बल्ब, अॅमीटर नाही, चित्र काढून प्रवाह कुठे किती ते लिहायचं, आणि ‘मग सेल का संपतो?’ याचं कारणही लिहायचं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ‘प्रवाह सारखा असतो’ हे वाक्य पाठही करता येतं. सेल का संपतो ते सांगायला प्रवाह आणि ऊर्जा वेगळी केलेली असावी लागते.

चाळीस मुलांचा प्रश्न मात्र चौकटीला पूर्ण सुटत नाही. मनोऱ्याच्या प्रयोगात एकामागे एक शिकवणारी होती. वर्गात चाळीस वेगवेगळी क्षेत्रं एकाच फळ्याकडे बघत असतात. काही अभ्यासक संपूर्ण वर्गाचं मिळून एक क्षेत्र मानतात. मला ते सोयीपुरतं वाटतं. सरासरी मुलाला दिलेली मदत एकाही खऱ्या मुलाच्या मापाची नसू शकते. दुसरा मार्ग म्हणजे अभ्यास लहान करणं: चार-पाच मुलांच्या एका गटावर कॅमेरा ठेवायचा आणि शिक्षिका त्या गटापाशी येते तेवढीच मिनिटं तपासायची. मग मुलांनी एकमेकांना केलेली मदतही पकडता येते. वायगॉट्स्कीच्या व्याख्येत मोठ्या माणसाबरोबर अधिक जाणत्या सोबत्याचाही उल्लेख आहेच, आणि एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसणाऱ्या आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळांत तो सोबती शोधायला लांब जावं लागत नाही. फक्त त्या सोबत्याला सूचनांची पायरी कुणी शिकवलेली नसते. तो सरळ पाचवीवर उडी मारतो आणि उत्तर सांगून मोकळा होतो, हे गटाच्या नोंदींत तपासायला हवं.

राहिला दाव्याचा आकार. सेथ चेकलिन यांनी २००३मध्ये दाखवून दिलं की निकट विकासक्षेत्र ही कल्पना एखादं कौशल्य कसं शिकवावं यासाठी नव्हतीच. वायगॉट्स्की मुलाच्या एका वयोटप्प्यातून पुढच्या टप्प्यात जाण्याविषयी, परिपक्व होऊ घातलेल्या मानसिक कार्यांविषयी बोलत होता. विद्युतमंडलावरच्या सहा तासांच्या अभ्यासाला ते मोजता येत नाही. तेवढ्या काळात दिसेल ते शिकणं, आणि प्रबंधाने तोच शब्द वापरावा. ‘विद्यार्थ्यांचा विकास झाला’ असं लिहायचं असेल, तर निदान वर्षभराने त्याच मुलांपुढे पाण्याची उष्णता आणि तापमान असा दुसराच प्रश्न ठेवून, ती तिथेही आपणहून दोन गोष्टी वेगळ्या करू लागली आहेत का, हे पाहावं लागेल. एम.एड.च्या मुदतीत हे बसत नाही. पीएच.डी.च्या मुदतीत बसू शकतं, पण त्यासाठी पहिल्या वर्षी तपासलेली मुलं तिसऱ्या वर्षीही त्याच शाळेत सापडायला हवीत, आणि सातवीनंतर बऱ्याच गावांतली मुलं शाळा बदलतात. ही अडचण सैद्धांतिक चौकटीच्या प्रकरणातच लिहून ठेवली, तर पुढे निष्कर्ष लिहिताना हात आखडता घ्यायची वेळ येणार नाही.